५२ मार्क, लोणावळ्याचा 'शोध' आणि एक ईमेल

मागच्या आठवड्यात कामशेतच्या एका मुलीचा रात्री फोन आला. माझी जुनी विद्यार्थिनी. गेल्या वर्षी पर्यटन व्यवस्थापनात एम.एस्सी. करायला इंग्लंडला गेली. घर तारण ठेवून कर्ज काढलंय, त्यामुळे घरातल्या सगळ्यांचा जीव तिच्या मार्कांत अडकलेला. "सर, पहिल्या निबंधाला ५२ पडले. मला इथे जमणार नाही बहुतेक."

पदवीला ती कायम पहिल्या वर्गात. वर्गातली सगळ्यात नीटनेटकी उत्तरपत्रिका तिची असायची. मी स्वतः ती तपासली आहे, म्हणून ही पोस्ट. यात थोडा दोष माझाही आहे.

आधी आकड्यांचं बघू. आपल्याकडे दहावीला ३५ ला पास, ६० ला पहिला वर्ग, ७५ ला विशेष प्राविण्य. ब्रिटनमध्ये मास्टर्सला साधारणपणे ५० ला पास, ६० ला मेरिट आणि ७० ला डिस्टिंक्शन. निबंधाला ८० च्या वर मार्क क्वचितच पडतात. म्हणजे तिथले ६५ ऐकून इथल्या आईबापांनी तोंड पाडायचं कारण नाही. पण ५२ म्हणजे काठावर पास, हेही तितकंच खरं. नशीब एवढंच की हा सरावाचा निबंध होता, त्याचे मार्क अंतिम निकालात धरत नाहीत.

मी म्हटलं, निबंध पाठव आणि सरांनी काय शेरे मारलेत तेही पाठव.

विषय होता : थंड हवेच्या ठिकाणी पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा घालावी का? शब्द २०००. हिने लोणावळा घेतलं. सुरुवातीला पर्यटनाची व्याख्या, मग पर्यटनाचे प्रकार, मग महत्त्व, मग लोणावळ्याचा इतिहास, भुशी धरण, टायगर पॉइंट, कार्ले-भाजे, चिक्की. शेवटी फायदे, तोटे आणि 'समतोल साधणे गरजेचे आहे' असा निष्कर्ष. एकही मुद्दा सुटलेला नाही. माझ्या हातात हा पेपर आला असता तर मी दहापैकी आठ दिले असते.

तिथल्या सरांनी खाली लिहिलं होतं : वर्णन बरंच आहे, युक्तिवाद सापडत नाही. आणि एका वाक्याला गोल करून विचारलं होतं : हे कशावरून?

ते वाक्य आपण सगळ्यांनी वाचलेलं आहे. '१८७१ मध्ये मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी लोणावळा शोधून काढले.' पर्यटनाच्या कितीतरी संकेतस्थळांवर ते जसंच्या तसं आहे. मीही वर्गात सांगितलंय.

आता जरा तपासून बघा. मुंबईचे गव्हर्नर झालेले एल्फिन्स्टन दोन. एक १८५९ मध्ये वारले, दुसरे १८६० मध्ये. १८७१ ला गव्हर्नर होते सेमूर फिट्झगेराल्ड. खंडाळा-पुणे रेल्वे १८५८ मध्ये सुरू झाली, बोरघाटातून गाडी १८६३ पासून धावू लागली. म्हणजे ज्या गावातून तेरा वर्षं रेल्वे जात होती, ते गाव मेलेल्या माणसाने शोधून काढलं! शेजारी कार्ल्याची लेणी दोन हजार वर्षांपासून उभी आहेत, ती निराळीच.

आपल्याकडे या वाक्याला बरोबरची खूण मिळते, कारण ते नोट्समध्ये आहे. तपासणारा बघतो की मुद्दा आला का. तिथला तपासणारा बघतो की तुला हे कसं कळलं आणि ते इथे कशासाठी आणलंस. मर्यादा घालावी की नाही या प्रश्नाशी या वाक्याचा काय संबंध? काहीच नाही. खरं असतं तरी मार्क मिळाले नसते.

पोरीने सरांना पाठवायचा ईमेल लिहून ठेवला होता. 'आदरणीय सर, मी खूप मेहनत केली होती, कृपया मार्कांचा फेरविचार करावा.' मी म्हटलं, हे पाठवू नकोस. 'मार्क पटले नाहीत' एवढ्या कारणावर तिथे सहसा फेरविचार होत नाही, आणि तुझा खरा प्रश्न तो नाहीच. आधी तुमच्या विभागाचा गुणदानाचे निकष सांगणारा कागद वाच. प्रत्येक श्रेणीला काय अपेक्षित आहे ते त्यात असतं. तो वाचूनही जे कळत नाही, तेवढंच विचार.

मग तिने नवा ईमेल लिहिला. मूळ इंग्रजीत होता, मराठीत सांगायचा तर असा :

'मी भारतात पदवी घेतली. तिथे लांब उत्तरात व्याख्या, प्रकार, फायदे-तोटे असे सर्व मुद्दे आले की चांगले गुण मिळतात. निकष वाचल्यावर इथे अपेक्षा वेगळी आहे असं दिसतं. माझे तीन प्रश्न आहेत. व्याख्या आणि पार्श्वभूमीला २००० पैकी साधारण किती शब्द द्यावेत? माझं मत तुमच्या व्याख्यानातल्या मताच्या विरुद्ध गेलं तर चालेल का? आणि तिसऱ्या पानावरचा एक परिच्छेद मी पुन्हा लिहून खाली दिला आहे. 'विश्लेषण' म्हणजे तुम्हाला हेच अपेक्षित आहे का?'

खाली परिच्छेद. आधी तिथे होतं, 'भुशी धरणावर पावसाळ्यात प्रचंड गर्दी होते.' आता तिने लिहिलं की गर्दी वर्षभर नसते, पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी एकदम उसळते. ३० जून २०२४ ला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, तोही रविवारच होता. त्यामुळे वर्षभराची सरसकट मर्यादा स्थानिकांचा धंदा बुडवेल आणि जीवही वाचवणार नाही. मर्यादा हवी ती ठरावीक जागी, ठरावीक दिवशी. पुढे स्वतःच आक्षेपही घेतला : धबधब्याला गेट नसतं, मग मोजणार कुठे?

दोन दिवसांत उत्तर आलं. पार्श्वभूमी एका परिच्छेदात आटपा. मत कुठलंही चालेल, आधार दाखवा. आणि हो, हेच अपेक्षित होतं. पूर्ण मसुदा मात्र वाचणार नाही, तेही स्पष्ट सांगितलं. प्रत्येक विभागाची रीत वेगळी असते, म्हणूनच विचारावं लागतं.

मतभेद चालतो हे आपल्या पोरांना खरं वाटत नाही. त्यांना तळेगावला बंगला असलेल्या बाबासाहेबांचं उदाहरण द्या. लंडनला त्यांचे मार्गदर्शक होते एडविन कॅनन. १९२३ मध्ये बाबासाहेबांचा रुपयावरचा प्रबंध पुस्तकरूपात आला, त्याला कॅनन यांनीच प्रस्तावना लिहिली, आणि तीत यातले बरेचसे युक्तिवाद मला मान्य नाहीत असं उघड म्हटलं. तरी विचारांच्या ताजेपणाचं कौतुक केलं.

माझं म्हणणं एवढंच. आपल्या मावळातल्या कॉलेजांत अंतर्गत गुण आहेतच. ते सध्या एकमेकांच्या वह्या उतरवून मिळतात आणि आम्ही मास्तर न वाचता सही करतो. त्यातला एक तरी निबंध हजार शब्दांचा असू द्या, आपल्याच गावच्या प्रश्नावर, आणि तो शेरे मारून परत द्या. साठ पोरांचे निबंध असे वाचायला वेळ लागतो, मान्य. मग वर्षातून एकच घ्या, पण घ्या. नाहीतर 'हे कशावरून?' हा प्रश्न पोरांना आयुष्यात पहिल्यांदा भेटतो तो परदेशात, कर्जाच्या पैशावर.

मी पंचवीस वर्षं पेपर तपासले. तो प्रश्न मी एकाही पेपरावर लिहिलेला आठवत नाही.