‘मॅम, एलओआर हवा होता...’

मागच्या नोव्हेंबरातली गोष्ट. २७ तारखेला रात्री साडेदहाला माझ्या फोनवर मेसेज आला : ‘गुड इव्हनिंग मॅम. एलओआर हवा होता. १ डिसेंबर लास्ट डेट आहे. प्लीज अर्जंट.’ खाली नाव नाही. डीपीत सिंहगडावर गॉगल लावून उभा असलेला एक मुलगा. कुठल्या बॅचचा, कशासाठी पत्र हवंय, कुठल्या युनिव्हर्सिटीला पाठवायचंय, काहीच पत्ता नाही. वर आमच्याकडे तेव्हा परीक्षा चालू. दिवसा सुपरव्हिजन आणि ओरल्स, संध्याकाळी पेपर तपासणी.

मी इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवते. दरवर्षी परदेशी मास्टर्सला निघालेली पोरं माझ्याकडे शिफारसपत्र मागायला येतात आणि त्यातली बहुतेक एकाच गोष्टीत चुकतात असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांना वाटतं, मॅडमना पत्र लिहायचा कंटाळा येतो. तसं नाही हो. लिहायला पाऊण तास पुरतो. वेळ जातो तो तुम्हाला आठवण्यात. साठ जणांच्या वर्गात दोन वर्षांपूर्वी तुम्ही नक्की काय केलं होतं, हे शोधायला मी जुन्या फाइली उपसत बसते. काहीच सापडलं नाही तर पत्रात ‘हा विद्यार्थी नियमित, कष्टाळू आणि नम्र आहे’ असं लिहून मोकळी होते. असं पत्र कोणाबद्दलही लिहिता येतं, आणि ते वाचणाऱ्याला हे लगेच कळतं.

म्हणून मागताना दोन गोष्टी करा. समोरच्याला ‘नाही’ म्हणणं सोपं करा आणि ‘हो’ म्हटल्यानंतरचं काम हलकं करा.

पहिली गोष्ट मुलांना उलटी वाटते. नकार सोपा का करायचा? कारण नकाराची वाट बंद केली की नाइलाजाचा होकार मिळतो, आणि नाइलाजाने लिहिलेलं पत्र कसं असतं ते वर सांगितलंच. स्टाफरूममध्ये चार जणांसमोर ‘मॅम, देणार ना?’ विचारलं तर मी काय म्हणणार? त्यापेक्षा मेल करा. समोर भेटूनच विचारायचं असेल तर आधी वेळ मागून घ्या. आणि प्रश्न ‘द्याल का?’ असा नको. ‘माझ्याबद्दल ठोस लिहिता येईल इतकं तुम्ही माझं काम पाहिलंय असं तुम्हाला वाटतं का?’ असं विचारा. मग ‘अरे, तुझ्या गाइडना विचार, ते जास्त चांगलं लिहितील’ असं मी अवघडल्याशिवाय सांगू शकते.

दोन वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने मला केलेला मेल अजून ठेवलाय. ऑक्टोबरच्या मध्यावर, म्हणजे पहिल्या डेडलाइनच्या साधारण सहा आठवडे आधी आला होता. तिच्या परवानगीने देते :

‘नमस्कार मॅम, मी २०२२ च्या बॅचची. पाचव्या सेमिस्टरला मातीतल्या ओलाव्याचा मिनी प्रोजेक्ट तुमच्याकडे केला होता. अमेरिकेत चार ठिकाणी मास्टर्सला अर्ज करतेय. पहिली डेडलाइन १ डिसेंबर, शेवटची १५ जानेवारी. त्या प्रोजेक्टच्या आधारे माझ्यासाठी पत्र लिहिता येईल असं तुम्हाला वाटतं का? हे दिवस परीक्षांचे आहेत, त्यामुळे जमणार नसेल तर तसं कळवलंत तरी चालेल, माझ्याकडे दुसऱ्या सरांचा पर्याय आहे. तुम्ही हो म्हणालात तर सगळी माहिती एका पानावर पाठवते.’

बस, एवढंच. कारण, तारखा, ओळख आणि सुटकेची वाट, सगळं आलं. मी दुसऱ्या दिवशी हो कळवलं आणि ते पान आलं. वर छोटा तक्ता : युनिव्हर्सिटी, कोर्स, शेवटची तारीख. त्याखाली ‘तुम्हाला आठवत असेल तर’ म्हणून पाच-सहा ओळी. त्यात होतं की, तिने आधी स्वस्तातला, दोन उघड्या दांड्यांचा सेन्सर वापरला होता. ओल्या मातीत वीज वाहून त्या दांड्या गंजल्या आणि आकडे हळूहळू सरकायला लागले. तिने ते ओळखलं, तीन आठवड्यांचा डेटा रद्द केला, कपॅसिटिव्ह सेन्सर आणला आणि पुन्हा पहिल्यापासून मोजलं. सबमिशन तोंडावर असताना!

मी हे साफ विसरले होते. वाचल्यावर मात्र त्या दिवशीचा तिचा चेहराही आठवला. आपलाच डेटा चुकीचा आहे हे स्वतःहून सांगणारी मुलगी. त्या एका प्रसंगावर पत्र उभं राहिलं. तिने सीव्हीसुद्धा जोडला होता, पण खरं सांगू, मी तो नीट उघडलाही नाही. मार्क तर ट्रान्स्क्रिप्टवर असतातच.

आता एक नाजूक विषय. ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ असं काही शिक्षक म्हणतात. मुलांना ती लॉटरी वाटते. मला तो सापळा वाटतो. तीन शिक्षकांची तीन पत्रं एकाच हाताने लिहिली की शब्द, वाक्यांची वळणं, कौतुकाची जात, सगळं सारखं येतं. शिवाय पत्र शिफारस करणाऱ्यानेच लिहावं अशी अनेक ठिकाणी अट असते. अशा वेळी वाद घालू नका. ‘सर, मुद्दे आणि तारखा लिहून आणते, मत मात्र तुमचं हवं’ असं म्हणा. बरेच जण ऐकतात. नाहीच ऐकलं आणि हातात वेळ असेल, तर मी दुसरे सर शोधेन.

पुढचं काम पोर्टलचं. बऱ्याच युनिव्हर्सिट्या शिक्षकांच्या मेलवर लिंक पाठवतात आणि पत्र तिथेच अपलोड करायचं असतं. काही ठिकाणी सोबत फॉर्मही असतो : हा विद्यार्थी वर्गातल्या वरच्या पाच टक्क्यांत, की दहा टक्क्यांत? चार युनिव्हर्सिट्या म्हणजे चार लिंक. त्या शक्यतो एकाच दिवशी पाठवा, म्हणजे मी एकदाच बसून सगळं उरकते. कॉलेजचाच मेल आयडी द्या, जीमेलचा पत्ता काही ठिकाणी चालत नाही. लिंक पाठवल्यावर दोन दिवसांनी ‘मिळाली का? स्पॅममध्ये बघाल का?’ एवढं विचारा. डेडलाइनच्या आठवडाभर आधी एक आठवण करा, त्याच मेलच्या खाली, म्हणजे मला शोधाशोध करावी लागत नाही. मिस्ड कॉल नकोत.

तर तो सिंहगडवाला मुलगा. मी त्याला विचारलं, ‘नाव काय रे? कुठला विषय होता माझ्याकडे?’ उत्तर आलं, ‘मॅम, रोल नंबर ४२.’ मी नाही म्हटलं. चार दिवसांत त्याच्याबद्दल खरं असं काही मला लिहिता आलं नसतं. त्याने रडका इमोजी टाकला. मग मी विचारलं, फायनल इयरचा प्रोजेक्ट कोणाकडे होता? वर्षभर त्याच्याबरोबर लॅबमध्ये बसलेल्या एका तरुण सरांचं नाव त्याने सांगितलं. मग त्यांना का नाही विचारलंस?

‘पण मॅम, ते एचओडी नाहीत ना!’