भाषेचा रकाना आधी भरा

गेल्या महिनाभरात आलेल्या पत्रांचा सूर एकच आहे: ‘यूट्यूब मराठीवर अन्याय करते.’ करत असेलही. पण आपल्यापैकी किती जणांनी Upload defaults मधला Video language हा रकाना उघडून पाहिला आहे?

एका सभासदाचे उदाहरण घ्या. आंब्यावरच्या तुडतुड्यांवर त्यांनी उत्तम व्हिडिओ केला. रकान्यात चॅनल सुरू केल्यापासून हिंदी तशीच राहिली होती. यंत्राने मराठी बोलणे हिंदी समजून ऐकले आणि ‘तुडतुडे’च्या जागी पडद्यावर ‘टुकड़े टुकड़े’ उमटले. बागायतदार हसले, पण फवारणी कधी करायची ते मात्र कॅप्शन वाचून कोणाला कळले नाही. असा ट्रॅक ओळखायला दोन मिनिटे पुरतात. स्टुडिओत Subtitles उघडा आणि आपोआप तयार झालेल्या ट्रॅकवर कोणत्या भाषेचे नाव आहे ते बघा. चूक असेल तर भाषा बदला, तो ट्रॅक काढा आणि स्वतः तपासलेली .srt फाइल ‘मराठी’ म्हणून चढवा. नुसती भाषा बदलली की जुना ट्रॅक आपसूक जाईल, या भरवशावर राहू नका.

दुसरी तक्रार इंग्रजी शीर्षकाची; ती खरी आहे आणि तिचे खापर आपल्यावर फोडता येत नाही. आपण शीर्षकाचे इंग्रजी भाषांतर जोडतो ते परदेशातल्या प्रेक्षकासाठी. पण ॲपची भाषा इंग्रजी असलेल्या सांगलीच्या शेतकऱ्यालाही तेच दिसते. फोन इंग्रजीत वापरणारा माणूस इंग्रजीच ऐकणार, हे ठरवले कोणी? आपल्याकडे घरोघरी फोन इंग्रजीत आणि बोलणे मराठीत असते. ‘Mango hopper control’ वाचून तो पुढे सरकतो. ही समजूत कंपनीने बदलायला हवी. तोवर इंग्रजी शीर्षकात ‘Ambyavaril tudtude’ असे लिहून पुढे ‘in Marathi’ जोडा.

ॲपमधल्या Location च्या बाबतीत मात्र भाबडेपणा सोडा. तिथे देश निवडता येतो, राज्य नाही. रत्नागिरीचा आणि लखनौचा प्रेक्षक तिथे सारखेच ‘भारत’. आणि ही निवड प्रेक्षक आपल्या फोनवर करतो, आपण स्टुडिओत बसून त्याच्यासाठी करू शकत नाही. सुचवण्या ठरतात त्यात त्याने आजवर काय पाहिले याचा वाटा मोठा असतो. म्हणून मराठी पाहणाऱ्याला आपला व्हिडिओ ओळखता यावा, यासाठी पहिल्या ओळीपासून स्वच्छ मराठी शीर्षक आणि वर्णन द्या.

पुढचा व्हिडिओ चढवण्याआधी एवढे कराच. Video language आणि शीर्षकाची भाषा, दोन्ही ‘मराठी’ करा. व्हिडिओ प्रसिद्ध झाला की लॉगिन न करता ॲप एकदा मराठीत, एकदा इंग्रजीत लावून आपलाच व्हिडिओ शोधा. शीर्षक आणि कॅप्शन दोन्ही वाचा. जे चुकीचे दिसेल त्याचा स्क्रीनशॉट, व्हिडिओची भाषा आणि ॲपची भाषा लिहून आमच्याकडे पाठवा. कंपनीकडे जायचे तर पुरावे घेऊन जाऊ. ‘अन्याय झाला’ एवढेच लिहिलेली पत्रे यापुढे छापली जाणार नाहीत.