२४ दिवसांची नोकरी

महिन्याच्या आत सोडलेल्या नोकरीबद्दल विचारले, तर खरे कारण सांगावे काय? माझे मत, सांगावे, पण मोजके.

माझ्या थोरल्या भावाला एका कंपनीने नोंदी ठेवण्यासाठी म्हणून घेतले आणि दारोदार विमा विकायला पाठवले. २४व्या दिवशी त्याने लेखी राजीनामा दिला. पुढे दुसऱ्या कंपनीच्या भरती अधिकाऱ्याने पत्राने कारण विचारले. आमच्या घरात असे पत्र कुणी लिहिलेले नव्हते. शेजारी म्हणाले, “आई आजारी होती असे लिही.”

परंतु भविष्य निर्वाह निधीची वर्गणी जमा झाली असेल, तर रुजू झाल्याची तारीख त्या खात्यात दिसते. शिवाय नेमणुकीपूर्वी जुन्या कचेरीत चौकशी होऊ शकते. तेथे राजीनाम्यात एक कारण आणि पत्रात दुसरे, असे निघाले की २४ दिवस बाजूला राहतात आणि खोटेपणा तेवढा उरतो.

दादाने लिहिले: “तेथे मी २४ दिवस होतो. नोंदींचे काम ठरले होते, मिळाले विक्रीचे. ते बदलणार नाही असे कळल्यावर राजीनामा दिला. आपल्याकडील काम नेमके कोणते, हे कृपया कळवावे.”

यात ‘फसवले’ हा शब्द नाही. तो खरा असला तरी परक्या माणसाला तक्रारखोर वाटतो; ठरलेले व मिळालेले काम शेजारी ठेवले की निष्कर्ष वाचणाराच काढतो. एवढ्यावरही एखादा अधिकारी नकार देईल. मात्र शेवटच्या प्रश्नाने पुन्हा तसेच २४ दिवस भरण्याची वेळ टळू शकते.