ट्रिप ॲपवरच राहू द्या

पुणे स्टेशनच्या बाहेर रात्री उशिरा एक वाक्य हमखास कानावर पडतं. "मॅडम, बुकिंग कॅन्सल करा, तेवढ्याच पैशात सोडतो." ड्रायव्हरचा हिशेब साधा असतो, कंपनीला द्यायचे पैसे वाचतात. त्याच्या मनात वाईट काही असेलच असं नाही, बहुतेकांच्या नसतंच. तरीही माझं सांगणं आहे की याला हो म्हणू नका. कोणती गाडी, कोणता ड्रायव्हर, कुठून निघाली, आत्ता कुठे आहे, ही सगळी नोंद त्या एका 'कॅन्सल'बरोबर थांबते. घरच्यांना पाठवलेली लिंक बंद पडते. गाडी नाशिक फाट्याकडे धावत असते आणि ॲपच्या लेखी तुम्ही गाडीत बसलेलेच नसता.

ॲपमधल्या सुरक्षेच्या सोयी या नोंदीला टांगलेल्या आहेत, हे लक्षात घेतलं की बाकीचं आपोआप समजतं. डिसेंबर २०१४ मध्ये दिल्लीत उबरच्या गाडीत एका प्रवासी तरुणीवर ड्रायव्हरने बलात्कार केला. त्यानंतर दिल्लीत कंपनीवर बंदी आली आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये भारतातल्या ॲपमध्ये आपत्कालीन बटण आलं. आज सगळ्या मोठ्या ॲपमध्ये ते असतं, बहुधा ढालीच्या चिन्हामागे. पण ते वापरायची वेळ येण्याआधी दोन-तीन गोष्टी तुमच्या हातात असतात.

पहिली म्हणजे नंबरप्लेट. स्टेशनबाहेर एकासारख्या एक पांढऱ्या गाड्या उभ्या असतात, त्यामुळे रंग आणि मॉडेल बघून दार उघडू नका. नंबर पूर्ण वाचा. प्लेटचा रंगही बघा. टॅक्सीची प्लेट पिवळी, अक्षरं काळी. गाडी इलेक्ट्रिक असेल तर प्लेट हिरवी आणि अक्षरं पिवळी. पांढरी प्लेट म्हणजे खासगी गाडी. नंबर जुळत नसेल तर एक ठरलेलं उत्तर मिळतं, "ती गाडी गॅरेजला आहे, ही माझ्या भावाची." असेल खरंही. पण ॲपला ही गाडी माहीत नाही आणि घरच्यांच्या लिंकवर दुसराच नंबर दिसणार आहे. बसू नका. गाडीचा नंबर जुळत नाही, हेच कारण देऊन बुकिंग रद्द करा.

दुसरी गोष्ट ओटीपी. तो फोनवर आधीच सांगू नका, नाहीतर तुम्ही फलाटावर असतानाच ट्रिप सुरू झालेली असते. शिवाय चुकीच्या गाडीचा ड्रायव्हर कुठलेही चार आकडे ऐकून मान हलवू शकतो. म्हणून आकडे सांगितल्यावर स्वतःच्या फोनकडे बघा. तुमच्या स्क्रीनवर ट्रिप सुरू झाल्याचं दिसलं, तरच ही तुमची गाडी. दिसलं नाही तर गाडी हलायच्या आत उतरा. नेट मंद असेल तर अर्धा-एक मिनिट लागेल, तेवढा वेळ ड्रायव्हरला थांबायला सांगायला संकोच कसला?

आता लिंककडे येऊ. 'शेअर ट्रिप' दाबलं की एक लिंक तयार होते आणि ती व्हॉट्सॲपने किंवा एसएमएसने पाठवता येते. ज्याला पाठवली त्याच्या फोनमध्ये ते ॲप असायची गरज नसते, ब्राउझरमध्ये नकाशा उघडतो. ड्रायव्हरचं नाव, गाडीचा नंबर, गाडी आत्ता कुठे आहे आणि पोचायला किती वेळ लागेल, हे त्यावर दिसतं. उबरमध्ये विश्वासातली माणसं आधीच नोंदवून ठेवता येतात, म्हणजे रात्रीच्या घाईत नावं शोधावी लागत नाहीत.

या नकाशावरचा ठिपका मुख्यतः ड्रायव्हरच्या फोनवरून येतो, तुमच्या नाही. म्हणून तुमची बॅटरी संपली तरी घरच्यांना गाडी दिसत राहते. पण ड्रायव्हरने मध्येच ट्रिप संपवली की लिंकही संपते. व्हॉट्सॲपचं लाइव्ह लोकेशन नेमकं उलट आहे. ते तुमच्या फोनवरून जातं, ड्रायव्हरने काहीही दाबलं तरी चालू राहतं आणि बॅटरी गेली की बंद पडतं. तिथे पंधरा मिनिटं, एक तास आणि आठ तास असे पर्याय असतात. रात्रीच्या लांब प्रवासात दोन्ही पाठवा, आणि व्हॉट्सॲपवर आठ तास निवडा. वाहतुकीत एक तास कधी सरतो ते कळत नाही.

कोणाला पाठवायची, हा प्रश्न मला तंत्राइतकाच महत्त्वाचा वाटतो. 'आपलं कुटुंब' या चाळीस जणांच्या ग्रुपवर टाकू नका. तिथे काका अंगठा दाखवतात, मावशी देव्हाऱ्याचा फोटो टाकतात, आणि प्रत्येकाला वाटतं की दुसरं कोणीतरी बघतंय. शिवाय त्या लिंकवर तुमचं घरही दिसतं. एका माणसाला पाठवा, फार तर दोघांना, आणि तो जागा आहे ना हे आधी विचारा.

बघणाऱ्यालाही काय बघायचं ते माहीत हवं. समजा, मुलगी रात्री सव्वाअकराला पुणे स्टेशनवर उतरली आणि वाकडला निघाली. आई मिरजेला आहे. रस्ता साधारण अठरा किलोमीटरचा, रात्रीचा पाऊण तास धरा. ॲपने संचेती चौक, विद्यापीठ चौक, औंध असा मार्ग दाखवला आणि ठिपका मात्र खडकी-दापोडीकडे निघाला. आईला पुण्याचे रस्ते माहीत नाहीत, तिच्या छातीत धस्स होतं. खरं तर वाकडला जायचा तोही सरळ रस्ता आहे, खडकी, दापोडी, नाशिक फाटा आणि पुढे पिंपळे सौदागर. चौकात काम चालू असलं की ड्रायव्हर तोच घेतात. म्हणून निघतानाच मुलीने सांगावं, "आई, औंधवरून नाहीतर खडकीवरून जाईन, दोन्ही बरोबर आहेत." मग आईला काळजीची खरी खूण कळते. गाडी हडपसरच्या बाजूला वळली, किंवा वाकड मागे टाकून देहूरोडकडे निघाली, तर ते विचारण्यासारखं.

ठिपका थांबला म्हणजे गाडी थांबली असंही नसतं. द्रुतगती मार्गावर बोगद्यात गाडी शिरली की ठिपका गोठतो आणि बाहेर आल्यावर एकदम पुढे उडी मारतो. घाटात रेंज जाते. शहरात पंधरा मिनिटं गाडी हलली नाही तर बहुधा ती सीएनजीच्या रांगेत असते. सीएनजी भरताना प्रवाशांना खाली उतरवतात. उतरताना फोन आणि पर्स सोबत घ्या, आणि "पंपावर आहे" एवढं कळवा. लांबचा प्रवास असेल तर "दादा, गॅस भरलाय ना?" हे निघतानाच विचारलेलं बरं.

एक सूचना मात्र आईने कधीच सोडून देऊ नये. निम्म्या वाटेवर ट्रिप संपल्याचं दिसलं तर ताबडतोब फोन. उत्तर साधं असू शकतं, ड्रायव्हरचं बोट चुकून लागलं किंवा गाडी बंद पडली म्हणून दुसरी बोलावली. पण ते मुलीच्याच तोंडून ऐकायचं. ड्रायव्हरसमोर मोकळं बोलता येत नसेल अशा वेळेसाठी एक वाक्य ठरवून ठेवा, "निळी फाइल मावशीकडे राहिली" असं काहीतरी निरुपद्रवी. ते ऐकू आलं, किंवा दोन-तीनदा करूनही फोन उचलला गेला नाही, की ११२.

महाराष्ट्रात ११२ चे कॉल नवी मुंबई आणि नागपूरच्या केंद्रांत घेतले जातात आणि तिथून त्या त्या जिल्ह्याच्या पोलिसांकडे जातात. त्यामुळे मिरजेतून फोन करून पुण्यातली घटना सांगता येते. आई बेळगावला किंवा पणजीला असेल तर तिचा कॉल त्या राज्याच्या केंद्रात जाईल आणि वेळ मोडेल. अशा घरांनी पोलीस नियंत्रण कक्षाचा थेट क्रमांक आधीच लिहून ठेवावा, आणि ज्या शहरात मूल राहतं तिथला.

गाडीतल्या माणसाने उबरमधलं आपत्कालीन बटण दाबलं तरी कॉल ११२ लाच लागतो. ॲप त्याच पडद्यावर तुमचं ठिकाण आणि गाडीचा नंबर दाखवतं, कारण घाबरलेल्या माणसाला ते आठवत नाहीत. पोलिसांना सगळं आपोआप कळलं असं धरून चालू नका. आधी ठिकाण सांगा, मग गाडीचा नंबर, मग काय झालं ते. फोन मध्येच तुटला तरी पहिल्या दोन गोष्टी पोचलेल्या असतात. ११२ ला इंटरनेट लागत नाही, साधी रेंज पुरते. बऱ्याच स्मार्टफोनमध्ये पॉवरचं बटण तीनदा किंवा पाचदा झटपट दाबूनही हा कॉल लावता येतो, तुमच्या फोनमध्ये कितीदा ते सेटिंगमध्ये बघून ठेवा.

काही ॲपमध्ये आवाज रेकॉर्ड करायची सोय आहे. उबरमध्ये ते रेकॉर्डिंग कुलूपबंद राहतं, तुम्हालाही ऐकता येत नाही. तुम्ही तक्रारीसोबत पाठवलं तरच कंपनी ते उघडते. ड्रायव्हर फोनवर वाद घालत सुसाट चालला असेल तेव्हा याचा उपयोग होतो. त्याच्या तोंडासमोर कॅमेरा धरण्यापेक्षा हे कितीतरी बरं. तोही बारा-चौदा तास गाडी चालवून आलेला असतो, आणि खरं सांगायचं तर रात्री दोन वाजता त्याच्या हेतूपेक्षा त्याच्या झोपेची भीती जास्त बाळगावी. डुलकी येतेय असं वाटलं तर "दादा, चहा घेऊ या" म्हणा आणि उजेडाच्या जागी गाडी थांबवा.

सोसायटीच्या गेटवर ड्रायव्हर ट्रिप संपवतो आणि आईच्या फोनवर प्रवास पूर्ण झालेला दिसतो. तेव्हा मुलगी अजून बाहेर असते, वॉचमन उठायची वाट बघत. म्हणून आईने लिंकवर झोपी जाऊ नये, फोन घरातून आला पाहिजे. हे सगळं पहिल्यांदा रात्री करून बघू नका. येत्या रविवारी दिवसाउजेडी मंडईपर्यंत एक गाडी करा, आईला लिंक पाठवा, आणि तिच्या मोबाइलवर ती उघडते का, अक्षरं चष्म्याशिवाय वाचता येतात का, ते बघून घ्या.