सुप्याचं साहित्य संपलं म्हणे

‘आदरणीय मॅडम, माझ्या विषयावर भरपूर लिखाण झालेले असून नवीन काही करण्यास वाव उरलेला दिसत नाही. तरी विषय बदलण्याची परवानगी मिळावी, ही विनंती.’ एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला इतिहास घेतलेल्या एका विद्यार्थ्याची ही ई-मेल एका प्राध्यापक वाचकाने नावं-गावं खोडून माझ्याकडे धाडली आहे. विषय होता १८७५ चा दख्खनचा दंगा, म्हणजे पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी सावकारांची खतं-रोखे जाळले तो उठाव. त्याऐवजी आता हवा आहे ‘समाजमाध्यमे आणि शेतकरी आंदोलने’. सोबत नऊ ग्रंथांची आणि लेखांची यादी जोडलेली आहे आणि ती खरोखर चांगली आहे. मार्गदर्शकांचं उत्तर मात्र एका ओळीचं : ‘ठीक आहे, नवीन सिनॉप्सिस पाठवा.’ या सदराच्या जुन्या वाचकांना वाटेल, आता विद्यार्थ्याची खैर नाही. पण या वेळी माझा राग त्या एका ओळीवर आहे. मुलाने आपल्या मेलमध्ये निदान पुरावा तरी जोडला होता. तो पुरावा नेमकं काय सिद्ध करतो, एवढं विचारायचं काम मार्गदर्शकाचं होतं.

त्याच्याच यादीतली दोन नावं घेऊ, कारण सगळं प्रकरण त्या दोघांत आहे. रविंदर कुमार यांचा दख्खनच्या दंग्यावरचा लेख १९६५ चा. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : रयतवारीने सारा प्रत्येक शेतकऱ्याच्या डोक्यावर वेगळा बसवला, इंग्रजी दिवाणी कोर्टांनी सावकाराच्या हाती हुकूमनामा दिला, आणि कुणबी व वाणी यांना एकमेकांशी बांधून ठेवणारी गावाची जुनी घडी त्यात विस्कटली, १८७५ हा त्याचा स्फोट. १९६८ मध्ये त्यांचं एकोणिसाव्या शतकातल्या पश्चिम भारतावरचं पुस्तक आलं. १९७० मध्ये कॅटनॅक यांचं पश्चिम भारतातल्या ग्रामीण कर्जव्यवहारावरचं पुस्तक आलं. १९७१ साली कुणी विद्यार्थी याच विषयावर बसला असता, तर त्यालाही अगदी हीच ई-मेल पाठवता आली असती, फक्त टपालाने. आणि पुढच्याच वर्षी, १९७२ मध्ये, नील चार्ल्सवर्थ यांनी लेख लिहिला, त्याच्या शीर्षकातच ‘दख्खनच्या दंग्याचं मिथक’ असे शब्द होते. त्यांचं म्हणणं उलटं : दंगा तिसेक गावांपुरता होता, माणसांवर हात फार थोड्या ठिकाणी पडला, आणि त्याला आलेलं महत्त्व बरंचसं सरकारी चौकशीने आणि पुढच्या कायद्याने दिलेलं आहे. आता गंमत अशी, की चार्ल्सवर्थ यांच्या हाती कुठली गुप्त पेटी लागली नव्हती. दंग्याची हकिकत ज्या सरकारी आयोगाच्या अहवालातून येते, तो १८७६ चा अहवाल दोघांसमोर होता. कुमारांनी विचारलं, जिथे भडका उडाला तिथे का उडाला? चार्ल्सवर्थ यांनी जणू उरलेल्या गावांकडे बोट दाखवलं : सावकार तर तिथेही होता, मग तिथे काय झालं? साहित्य तेच राहिलं आणि प्रश्न बदलला. पुढे १९७७ मध्ये जयरस बानाजी यांनी त्याच कर्जाकडे तिसऱ्याच बाजूने पाहिलं. जमीन शेतकऱ्याच्या नावावर, पण प्रत्यक्षात तो सावकाराच्या भांडवलाचा मजूरच झालेला आहे का, असा त्यांचा रोख होता. चार्ल्सवर्थ यांचं सगळंच मला पटतं असं नाही. तिसेक गावं म्हणजे थोडी, हे ठरवायचं कुणी? बहिष्कार घातलेली, पण काही न जाळलेली गावं त्या हिशेबात बसत नाहीत. पण त्यांनी एक दाखवून दिलं, की या विषयावरची यादी लांब असणं आणि विषय संपणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग यादी इतकी लांब का? विद्यार्थ्याने एक साधं काम करायला हवं होतं. १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, भीमथडी तालुक्यातल्या सुप्यात काय झालं याचा परिच्छेद प्रत्येक पुस्तकात काढायचा आणि त्याखालची तळटीप कुठे जाते ते पाहायचं. ती एका पुस्तकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाते आणि बहुतेक वेळा शेवटी त्याच आयोगाच्या अहवालावर येऊन थांबते. शिरूर तालुक्यातल्या करड्यात काळूराम या सावकाराने बाबासाहेब देशमुखांवर हुकूमनामा मिळवला, त्यांचं घर पाडायला घेतलं आणि गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला, ही हकिकतही तशीच हातोहात आली आहे. म्हणजे विहीर एक आणि रहाट नऊ. त्यातही ही विहीर सरकारने खोदलेली. साऱ्याची मागणी हे दंग्याचं कारण आहे का, हे तपासायला आयोगाला खास सांगितलं होतं. आयोगाने साक्षीपुरावे गोळा केले आणि दोष सावकारावर टाकला. १८६७ नंतर तालुक्यामागून तालुक्यात झालेली साऱ्याची फेरआकारणी, अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यावर कोसळलेले कापसाचे भाव, १८५९ च्या मुदतीच्या कायद्यामुळे दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात घालून नव्याने लिहून घेतली जाणारी खतं, हे सगळं अहवालाच्या पोटात आहे. पण निष्कर्षात सरकार निर्दोष सुटतं. तळटिपांची ही साखळी तपासली असती तर मेलमधलं वाक्य उलटलं असतं : लिखाण भरपूर झालं आहे, पण साधन फार थोडं वापरलं गेलं आहे.

विद्यार्थ्याचं एक म्हणणं मात्र बरोबर आहे. त्याच्या मूळ सिनॉप्सिसचं शीर्षक होतं ‘दख्खनचा दंगा : कारणे व परिणाम’. या शीर्षकाखाली आता काही करू नये. कारणं मोजून झाली आहेत, आणि १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा हा ‘परिणाम’ही झाला आहे. पण त्यावर विषय सोडणं हा इलाज नव्हे, प्रश्न लहान करणं हा इलाज आहे. एक तालुका घ्या, जुना भीमथडी. आयोगाच्या अहवालातून तिथली दंगा झालेली गावं काढा. मग त्याच तालुक्याच्या फेरआकारणीचा छापील अहवाल घ्या. मुंबई सरकारने असे तालुकावार अहवाल छापलेले आहेत आणि त्यांत गावांची आकारणी मिळते. दोन्ही याद्या शेजारी ठेवा. ज्या गावांचा सारा अधिक चढला तीच पेटली का? की सारा सारखाच चढला आणि पेटली फक्त बाजाराच्या वाटेवरची? काहीच जुळलं नाही, तर तेही उत्तर आहे, आणि आयोगाच्या बाजूने जाणारं उत्तर आहे. ते लपवायचं नाही. वाटेत फसगतही ठरलेली. भीमथडीतलं सुपे आणि पारनेरजवळचं सुपा ही दोन वेगळी गावं, तीही दंग्याची झळ लागलेल्या दोन शेजारी जिल्ह्यांत. इंग्रजी कागदांत दोघांची नावं सारखीच दिसतात. बुद्रुक आणि खुर्द हे शब्द गळून पडलेले असतात. तालुक्यांच्या हद्दीही आज तशा नाहीत, हे सुपे आज बारामती तालुक्यात आहे. म्हणून प्रत्येक गावापुढे आधी जिल्हा आणि तालुका लिहायचा, मगच आकडा. एका टर्मला पुरेल आणि एका माणसाला झेपेल एवढंच हे काम आहे.

यावर आक्षेप येईल, की एम.ए.च्या मुलाला पुराभिलेखागारात धाडणं अन्याय आहे. वेळ अपुरा, शिष्यवृत्ती नाही. मान्य. म्हणूनच वर सांगितलेली दोन्ही साधनं छापील आणि इंग्रजी आहेत. त्यापलीकडे जायचं, गावातली खतं आणि कुलकर्ण्याचं दप्तर पाहायचं, तर मोडी लागते, आणि इथे माझं तुणतुणं वाजणारच. सुप्याच्या बाजारात जी खतं जळली ती गेली. पण जी गावं पेटली नाहीत, तिथले कागद आजही कुणाच्या ट्रंकेत असतील, आणि इतिहासाची पदव्युत्तर पदवी घेतलेल्या आपल्या बहुतेक मुलांना ते उलटे धरलेत की सुलटे, हेही कळणार नाही, अशी माझी खात्री आहे. याला आकडेवारी माझ्याकडे नाही आणि ती गोळा करण्याची हौस विद्यापीठांनाही दिसत नाही. असो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. जिथे थोर लोकांनी लिहून ठेवलंय तिथे बावीस वर्षांच्या मुलाने काय भर घालायची? त्यापेक्षा मोकळ्या रानात जाऊ द्या. पण मोकळ्या रानात वाट दाखवायला कुणी नसतं. समाजमाध्यमांवरच्या आंदोलनाचा अभ्यास करायचा तर कुठले संदेश घ्यायचे, पुसून टाकलेल्या संदेशांचं काय करायचं, कुणाच्या फोनमधला गट कोणत्या परवानगीने वाचायचा, हे सगळं त्याला पहिल्यापासून ठरवावं लागेल, आणि मार्गदर्शक मॅडम एकोणिसाव्या शतकाच्या अभ्यासक आहेत. दख्खनच्या दंग्यात कुमार आणि चार्ल्सवर्थ यांनी भांडण आधीच मांडून ठेवलं आहे. याने फक्त एका तालुक्यापुरतं कोण बरोबर, ते पाहायचं आहे. नवशिक्याला यापेक्षा सोपी जागा कुठली? अर्थात, मुलाला या विषयाचा कंटाळा आला असेल, किंवा इंग्रजी अहवाल वाचणं जड जात असेल, तर विषय जरूर बदलावा. ती कारणं प्रामाणिक आहेत. ‘साहित्य संपलं’ हे त्यांवर टाकलेलं पांघरूण असू शकतं, आणि ते हळूच उचलून पाहण्यासाठीच विद्यापीठं मार्गदर्शक नेमतात.

तेव्हा मॅडम, ही ओळ आपल्यापर्यंत पोचली तर एक विनंती. मुदत उलटण्याआधी त्या मुलाला दुसरी मेल करा आणि दोनच गोष्टी मागा : यादीतल्या नऊ लेखकांनी सुप्याच्या हकिकतीखाली दिलेल्या तळटिपा, आणि भीमथडी तालुक्यातल्या दंगा न झालेल्या पाच गावांची नावं. ती घेऊन आल्यावरही त्याला विषय बदलायचा असेल, तर खुशाल बदलू द्या.