आभार कोणाचे आणि कधी?

आपल्या संमेलनांत आभारप्रदर्शन हा कार्यपत्रिकेतला शेवटचा विषय असतो. तो सुरू होतो तेव्हा अर्ध्या खुर्च्या रिकाम्या असतात. उरलेल्यांत गावातलेच लोक जास्त, कारण त्यांना घर जवळ असते. नांदेडहून किंवा चिपळूणहून आलेला माणूस तेव्हा एसटी स्टँडवर उभा असतो. म्हणजे ‘दूरदूरहून आलेल्या साहित्यिकांचे आणि रसिकांचे आभार’ हे वाक्य बहुधा दूरच्यांना सोडून सर्वांना ऐकू जाते.

सोलापूरला 1990 साली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झाले. फकरुद्दीन बेन्नूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभी केलेली ही चळवळ तेव्हापासून प्रवास करणाऱ्यांच्या जिवावरच चालली आहे. मराठीत लिहिणारा मुसलमान एका शहरात एकवटलेला नाही. तो कोकणात आहे, मराठवाड्यात आहे, खानदेशात, विदर्भात आहे. म्हणून आमच्याकडे दूरचा पाहुणा हा अपवाद नसतो, संमेलनच त्याच्यामुळे होते. त्याचे आभार वाक्यात न मानता वेळापत्रकात मानावेत, असे माझे मत आहे.

एक साधा हिशेब मांडू. रविवारी एकदिवसीय संमेलन आहे. उद्घाटन दहाला आणि कविसंमेलन चारला. पंचवीस कवी, प्रत्येकी चार मिनिटे, म्हणजे शंभर मिनिटे. कागदावर पावणेसहाला कार्यक्रम संपतो. प्रत्यक्षात प्रमुख पाहुणे उशिरा येतात, उद्घाटन साडेअकराला होते, सत्कार लांबतात आणि कविसंमेलन सहाला सुरू होते. सूत्रसंचालक प्रत्येक कवीची ओळख दोन मिनिटे करून देतात, तिथे आणखी पन्नास मिनिटे जातात. साडेआठ वाजतात. रात्रीची गाडी आठची असलेला कवी एक तर कविता न वाचता जातो, नाहीतर गाडी सोडून देतो.

यात मुशायऱ्याची एक जुनी रीत भर घालते. नवखे आधी आणि बुजुर्ग शेवटी, हा तिथला अदब आहे आणि तो मला प्रिय आहे. पण रात्रभर चालणाऱ्या मुशायऱ्यातली रीत एसटीच्या वेळेवर चालणाऱ्या दिवसाला बसत नाही. साठीतला कवी तीनशे किलोमीटरवरून आला असेल, तर त्याला शेवटी बसवणे हा मान नव्हे, शिक्षा आहे. निमंत्रण देतानाच परतीची गाडी विचारावी आणि वाचनाचा क्रम त्यावरून लावावा. गावातल्या कवींनी शेवटी वाचावे.

दुसरी गोष्ट प्रवासखर्चाची. आपले आयोजक श्रीमंत नसतात, वर्गणीतून सगळे करतात. तरी शाल, श्रीफळ आणि मोमेंटो यांना पैसे निघतात. त्यातला मोमेंटो कमी केला तर कित्येकांचे तिकीट निघेल. किती देता येईल ते निमंत्रणातच लिहावे. काहीच देता येणार नसेल तर तेही लिहावे. आणि पाकीट निरोपाच्या गर्दीत खिशात कोंबू नये, सकाळी नाश्त्याच्या वेळीच द्यावे. कवयित्रींच्या बाबतीत एक गोष्ट विसरली जाते. 2023 पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे, पण सोबत आलेल्या भावाला किंवा शौहरला पूर्ण पडते. त्याचाही खर्च धरावा आणि जेवणाच्या कुपनात त्यालाही मोजावे.

उरले श्रोते. स्वतःच्या पैशाने, मुक्कामाची सोय विचारून येणारा श्रोता कोणत्याच यादीत नसतो. नोंदणीच्या वहीत नावापुढे गाव लिहून घ्यावे आणि जोहरच्या नमाजआधी, जेवणापूर्वी, सभागृह भरलेले असते तेव्हा ती गावे वाचून दाखवावीत. फक्त गावे. दोन मिनिटे लागतात. आपल्या गावाचे नाव व्यासपीठावरून ऐकलेला माणूस पुढच्या वर्षी आणखी एकाला घेऊन येतो. देणगीदारांची आणि पुढाऱ्यांची यादी संध्याकाळी वाचली तरी चालेल. त्यांची गाडी दारात असते.

शेवटचे काम संमेलनानंतर आठ दिवसांत करायचे. शिक्षकांना उपस्थितीचे प्रमाणपत्र लागते, ते हातोहात द्यावे. कवीला त्याच्या वाचनाचा फोटो, जमले तर रेकॉर्डिंग आणि बातमीचे कात्रण पाठवावे. सगळ्यांना एकच मजकूर ढकलण्यापेक्षा त्याने कोणती कविता वाचली, एवढे एक वाक्य त्यात असावे.

जो माणसांचे आभार मानत नाही तो अल्लाहचेही मानत नाही, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. माणसांचे म्हणजे नेमके कोणाचे, हे पुढच्या संमेलनाची कार्यपत्रिका छापण्याआधी एकदा ठरवू या.