बाळाच्या खोलीतील मूक राखणदार

बाळ एका खोलीत आणि आई दुसऱ्या खोलीत, अशी घरे जेव्हा पश्चिमेकडे रूढ झाली तेव्हा मधल्या भिंतीवर उपाय म्हणून एक यंत्र निघाले. १९३७ साली अमेरिकेतील झेनिथ कंपनीने ‘रेडिओ नर्स’ या नावाने ते बाजारात आणले. पाळण्याशेजारचा आवाज दुसऱ्या खोलीत ऐकू यावा, एवढेच त्याचे काम होते. आज त्याच घराण्यातले जे यंत्र आपल्याकडील घरांत येऊ लागले आहे, ते आवाजाबरोबर खोलीतील उष्मा आणि हवेतील ओलावाही मोजते. काही बिघडले तर ते घंटा वाजवीत नाही. बाळाची झोप न मोडता आईच्या उशाशी मंद दिवा लावते किंवा उशीखालची चकती थरथरविते.

कल्पना चांगली आहे. परंतु पेडणे किंवा डिचोलीच्या घरात हे यंत्र जसेच्या तसे लावले, तर बहुधा आठवड्याभरात ते कपाटात जाते. इंग्लंडमध्ये तान्ह्या बाळाच्या खोलीचे तापमान १६ ते २० अंश सेल्सिअस असावे असा सल्ला दिला जातो, आणि अनेक यंत्रांच्या मर्यादा त्याच हिशेबाने आखलेल्या असतात. आपल्याकडे मे महिन्यात पहाटेसही पारा २५ अंशांखाली क्वचितच उतरतो. मग तो दिवा रात्रभर तांबडाच राहणार! जो इशारा सदैव चालू असतो, तो इशाराच नव्हे. म्हणून यंत्र घेण्यापूर्वी वा घेतल्यावर मर्यादा कशा ठरवाव्यात, हे समजून घेणे अगत्याचे आहे. आमच्या मते याची किल्ली एकाच गोष्टीत आहे. ओलावा, उष्मा व आवाज या तिघांची घड्याळे निरनिराळी आहेत. ओलाव्याचा प्रश्न दिवसांचा, उष्म्याचा मिनिटांचा आणि आवाजाचा क्षणांचा. तिघांना एकच इशारा लावणे हीच मूळ चूक होय.

प्रथम ओलावा घेऊ. यंत्रावर दिसणारे टक्के म्हणजे हवेत किती पाणी आहे याचे माप नव्हे. त्या तापमानाच्या हवेत जेवढी वाफ मावू शकते, तिच्यापैकी किती भरली आहे, एवढेच ते सांगतात. श्रावणातल्या पहाटे खोलीत २४ अंश असताना यंत्र ९० टक्के दाखविते. दुपारी तीच हवा २९ अंशांवर गेली, की पाण्याचा एक थेंबही कमी न होता तोच आकडा ६७ टक्क्यांच्या आसपास येतो. तेव्हा पहाटे तीन वाजता ‘ओलावा वाढला’ म्हणून आईला उठविण्यात काहीच हशील नाही. त्या वेळी तिने करावे असे काही नसतेच. ओलाव्याचा रात्रीचा इशारा सरळ बंद करावा आणि सकाळी चोवीस तासांची सरासरी तेवढी पाहावी. ती दिवसामागून दिवस ८० टक्क्यांच्या वर राहिली, तर भिंतीवर आणि गादीच्या खालच्या अंगास बुरशी धरण्याचा संभव असतो. मग पाळणा बाहेरच्या भिंतीपासून हातभर दूर ओढावा, कपाट उघडे टाकावे, उघडीप मिळताच अंथरूण उन्हात घालावे.

या आकड्याचा खरा उपयोग आणखी एका ठिकाणी होतो. पावसाळ्यात दुपटी-लंगोट वाळविण्यासाठी बाळाच्याच खोलीत दोरी बांधण्याची आपल्याकडे चाल आहे. धुण्याच्या एका खेपेतून लिटर-दीड लिटर पाणी सहज हवेत जाते. दोरी एके दिवशी या खोलीत व दुसऱ्या दिवशी सोप्यावर बांधून पाहिली, की यंत्रातील दोन दिवसांची रेघ स्वतःच उत्तर देते.

मात्र आकडा खरा आहे ना, हे आधी पाहिले पाहिजे. स्वस्त यंत्रांत चार-पाच टक्क्यांचा फरक सहज असतो. परीक्षा घरच्या घरी होते. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्यावे आणि ओल्या वाळूसारखे होईल इतकेच थेंबभर पाणी त्यात घालावे. ते झाकण व यंत्र, एकमेकांस न लागता, घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवावे. अशा डब्यातील हवा ७५ टक्क्यांवर स्थिर होते. यंत्राने ७९ दाखविले, तर पुढे नेहमी चार वजा करावेत. यासाठी पाकिटातले शुद्ध बारीक मीठ हवे. आमच्या आगरवाड्याच्या मिठागरातले जाडे मीठ जेवणात कितीही रुचकर असले, तरी त्यात मॅग्नेशियमचे क्षार राहतात आणि ते ओलावा अधिक ओढून घेत असल्याने आकडा खाली येतो.

आता उष्मा. यंत्र पाळण्यापासून तीन फुटांहून थोडे दूर, बाळाच्याच पातळीला असावे. ते बाहेरच्या भिंतीवर, दिव्याजवळ किंवा खिडकीत नसावे, आणि त्याची वायर पाळण्यापासून निदान तीन फूट दूर असावी, कारण रांगते मूल पहिल्यांदा वायरच ओढते. वीजेवर सतत चालणारी डबी स्वतःच्या उबेने अंशभर अधिक दाखविते. साध्या भिंतीवरच्या तापमापकाशेजारी ती तासभर ठेवली, की फरक कळतो. मर्यादा इंग्लंडची नको, आपल्याच घराची असावी. बाळ स्वस्थ झोपले आहे अशा तीन-चार रात्रींचे आकडे लिहून ठेवावेत. ते २७-२८ असतील, तर इशारा ३० वर लावावा, तोही तापमान दहा मिनिटे टिकल्यावर. दिवा ३० वर लागावा पण २९ वर उतरल्याखेरीज विझू नये, नाहीतर सीमेवरच्या आकड्यावर तो रात्रभर उघडझाप करीत राहील.

येथे एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. पंखा हवा थंड करीत नाही. तो अंगावरचा घाम वाळवून आपल्याला थंड करतो. तापमापकाला घाम नसतो, म्हणून त्याला पंखा कळत नाही. आषाढातील एक रात्र कल्पून पाहू. पेडण्याच्या एका कौलारू घरात पाऊस आत येतो म्हणून खिडक्या लावल्या आहेत. खोलीत २८ अंश, ओलावा ८८ टक्के, पंखा चालू, आणि बाळ टोपडे घालून दुपट्यात गुंडाळलेले. दीड वाजता वीज जाते. तासाभराने यंत्रावर जेमतेम साडेअठ्ठावीस अंश असतात आणि ३० चा इशारा काही केल्या लागत नाही. परंतु वारा थांबला आहे, हवा आधीच भरलेली असल्याने घाम वाळत नाही, आणि बाळाची मान व पाठ भिजली आहे. यंत्राच्या दृष्टीने सारे ठीक असताना बाळाला मात्र उकडते आहे. तात्पर्य, आपल्याकडे रात्रीचा सर्वांत मोलाचा इशारा तापमानाचा नसून वीज गेल्याचा आहे. तो मिळताच करावयाचे कामही सोपे असते. टोपडे काढावे, दुपटे सैल करावे, पावसाच्या उलट बाजूची खिडकी उघडावी. हातपाय गार लागले तरी घाबरू नये. पारख मानेवर व छातीवर हात ठेवूनच करावी.

आणि नेमके याच वेळी पुष्कळशी यंत्रे मुकी होतात. डबी भिंतीतल्या विजेवर चालते, निरोप घरातल्या वाय-फायवरून मोबाइलवर जातो. वीज गेली की दोन्ही बंद. आईच्या उशाशी शांतता असते, आणि ती शांतता ‘सर्व क्षेम’ अशीच वाचली जाते. मूक यंत्राचा सर्वांत मोठा दोष हा की, त्याचे गप्प बसणे आणि त्याचे मरणे सारखेच दिसते. म्हणून डबीत बॅटरी हवी, निरोप थेट उशाजवळच्या जोडडबीस जावा, आणि त्या जोडडबीला दर मिनिटास ‘मी आहे’ अशी खूण मिळत राहावी. तीन खुणा चुकल्या, की जोडडबीने आपण होऊन दिवा लावावा. घेताना परीक्षा अशी करावी: पाळण्याजवळची डबी बंद करून पाच मिनिटे वाट पाहावी. उशाजवळ काहीच घडले नाही, तर ते यंत्र परत करावे.

आवाजाची गोष्ट निराळी. ठराविक डेसिबलची मर्यादा कौलांखालच्या घरात टिकत नाही. शांत रात्री खोलीत ३५ डेसिबल असतात, तर धो धो पावसात ६० होतात. म्हणून गेल्या दहा मिनिटांची जी पातळी, तिच्याहून १५ डेसिबल वर आणि अर्धे मिनिट टिकणारा आवाज, हा नियम चांगला. झोपेतली कुरकुर तेवढ्यात विरते, बाळ पुन्हा झोपी जाते, आणि आईलाही उठावे लागत नाही. जोराचे रडणे पावसावरही उठून दिसते. मोपा येथे जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली आहेत. विमानाचा आवाज एकदाच चढतो व ओसरतो, रडणे मात्र श्वासागणिक तुटते. चांगली यंत्रे हा भेद ओळखतात, साधी ओळखत नाहीत. काही यंत्रांत बाळास झोपविण्यासाठी पावसासारखा आवाज लावण्याची सोय असते. २०१४ साली अशा चौदा यंत्रांची तपासणी झाली, तेव्हा फूटभर अंतरावर प्रत्येकाचा कमाल आवाज ५० डेसिबलच्या वर गेला. रुग्णालयातील शिशुकक्षासाठी सुचविलेली मर्यादा तीच आहे. आपल्याकडे खरा पाऊस आहेच, ही सोय बंदच बरी.

इशाऱ्याची रीत पायरीपायरीने असावी. प्रथम आईच्या बाजूस वळविलेला मंद नारिंगी दिवा. पाच मिनिटांत तो कोणी न विझविल्यास उशीखालची थरथर. आवाजी घंटा शेवटची, आणि तीही पाळण्यापासून दूरच्या खोलीत. बॅटरी संपत आल्याची ‘टिक् टिक्’ पुष्कळ यंत्रांत पाळण्याशेजारच्याच डबीतून निघते, ती पहिल्याच दिवशी बंद करावी.

शेवटी एक गोष्ट, जी या यंत्राला अजिबात दिसत नाही. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवण्याची, तिच्यावर टोपली पालथी घालून दुपटी सुकविण्याची आणि बाळाला धुरी देण्याची रीत पेडणे-डिचोलीकडील जुन्या घरांत परिचयाची आहे. बंद खोलीतील निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि उष्मा-ओलावा-आवाज मोजणाऱ्या डबीवर त्याची खूणही उमटत नाही. उलट शेगडीमुळे ओलाव्याचे टक्के उतरतात, आणि आकडा पाहून घरची माणसे समाधान मानतात. आजीबाईंना दुखवू नये, परंतु शेगडी बाहेर सोप्यावर ठेवण्याची विनंती मात्र अवश्य करावी. दुपटी तेथेही सुकतातच.